आवाजी आज्ञांवर चालणारा यंत्रमानव (मराठी-हिंदी मिश्र बोली)

बोललेली आज्ञा ओळखून तीनुसार हालचाल करणारे यंत्र. त्याचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. बेल प्रयोगशाळेतील १९५२ चे ‘ऑड्री’ सुटे अंक ओळखत असे, पण ते हालचाल करीत नसे. त्यामुळे जपानच्या वासेदा विद्यापीठात १९७३ च्या सुमारास तयार झालेल्या ‘वाबोट-१’ पासून गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते.

मिश्र बोलीसाठी दोन रचना सुचवल्या जातात. एकीत आधी भाषा ओळखून त्या भाषेचे शब्द ओळखणारे प्रारूप निवडतात. दुसरीत दोन्ही भाषांसाठी एकच प्रारूप व एकच शब्दसंग्रह असतो. पहिली दीर्घ संभाषणाला चालते. आज्ञा मात्र अर्ध्याएक सेकंदाची असते आणि ‘थोडा आगे जा रे’ यासारख्या वाक्याची भाषा ठरवणे अवघड, कारण ‘जा’ दोन्हीकडे सारखाच. लिपीही एकच असल्याने दुसरी रचना येथे सोयीची ठरते.

तिची खरी परीक्षा ‘मागे जा’ आणि ‘आगे जा’ या जोडीत होते. अर्थ परस्परविरुद्ध, फरक आरंभीच्या ‘म’ एवढाच. ‘म’चा गुंजारव क्षीण असून त्याची बरीच ऊर्जा सुमारे ३०० हर्ट्झच्या आसपास व खाली असते. मोटरींची घरघर आणि पंख्याचा आवाजही बहुधा याच पट्ट्यात येतो. घरघर काढण्यासाठी ३०० हर्ट्झखालील भाग गाळला, तर तिच्याबरोबर ‘म’ही जातो आणि रोबो मागे सरकण्याऐवजी पुढे येतो. चाके थांबवून व चालू ठेवून तीच ध्वनिमुद्रणे ऐकवली की दोष उघड होतो: चाके फिरताना ‘मागे’चे ‘आगे’ वारंवार होत असेल, पण ‘आगे’चे ‘मागे’ क्वचितच, तर ‘म’ हरवत आहे असे समजावे. शब्दचुकांच्या एकूण प्रमाणात हा दोष लपतो; म्हणून कोणत्या शब्दाचा कोणता शब्द झाला याचा तक्ता मांडावा लागतो.

उपाय म्हणून हाक ऐकताच चाके थांबवतात. ते शक्य नसेल तेथे त्याच रोबोच्या मोटरींचा आवाज कमीअधिक प्रमाणात मिसळलेली वाक्ये प्रशिक्षणात वापरतात. एकाहून अधिक मायक्रोफोन असल्यास आवाज पोहोचण्यातील फरकावरून बोलणाऱ्याची दिशा काढता येते. दोन मायक्रोफोनमध्ये १० सेंमी. अंतर असेल, तर हा फरक जास्तीत जास्त ०.२९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १६,००० नमुने घेतल्यास पाचाच्या आत भरतो. भिंतींवरून आवाज घुमणाऱ्या खोलीत मात्र हा अंदाज डळमळतो.

आज्ञा स्वीकारण्याचा उंबरठा सर्वत्र सारखा ठेवत नाहीत. ‘थांब’ किंवा ‘रुक’ अस्पष्ट ऐकू आले तरी रोबो थांबतो, कारण चुकून थांबल्याने फारसे बिघडत नाही. ‘मागे’ आणि ‘आगे’ यांना प्रारूपाने दिलेले गुण जवळजवळ सारखे आले, तर तो न हलता आज्ञा पुन्हा विचारतो. डावीकडे-उजवीकडेबाबतही हीच दक्षता लागते: मराठी ‘डावी’ आणि हिंदी ‘दाएँ’ कानाला जवळचे, पण दिशा उलट.