चेक परत आलाय? वकिलांची सही होण्याआधी नोटिशीचा मसुदा असा वाचा

चेक न वटल्याची नोटीस म्हणजे साधं मागणीपत्र, असं समजून अनेक जण तो मसुदा वरवर चाळतात आणि मान डोलावतात. पुढे नाशिकच्या कोर्टात केस उभी राहते, तेव्हा समोरचा वकील कर्जाबद्दल चकार शब्द न काढता थेट नोटीस उघडतो. नोटिशीतली तारीख, नाव किंवा रक्कम डळमळीत असेल तर बाकीचा पुरावा कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही.

परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 ची अट थोडक्यात अशी. चेक कायदेशीर देण्यापोटी दिलेला हवा आणि चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरलेला हवा. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. कागद म्हणजे मूळ चेक, बँकेचा रिटर्न मेमो, बिलं, डिलिव्हरी चलनं आणि खातेउतारा.

यात रखडतो तो मेमो. बँका एसएमएस पाठवून मोकळ्या होतात आणि माणूस पासबुकातली नोंद घेऊन वकिलांकडे येतो. शिक्का-सही असलेला मेमो मागितला की ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’. असे दोन-तीन सोमवार गेले की 30 दिवसांतले निम्मे संपलेले असतात. म्हणून तोंडी विचारत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि मेमो हातात आला की त्याच्या मागे मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

आता एक मसुदा घेऊ. समजा, सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने पिंपळगाव बसवंतच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला द्राक्षं भरायचे खोके पुरवले. कंपनीने 4,80,000 रुपयांचा चेक दिला, त्यावर सही संचालकाची. चेक परत आला आणि मेमो 10 मार्च 2026 ला मिळाला. टायपिंग होऊन आलेला मसुदा असा:

‘तुम्ही दिलेला चेक गेल्या महिन्यात परत आला. तरी नोटीसच्या तारखेपासून 15 दिवसांत एकूण येणे रुपये 6,15,000 व्याजासह द्यावे, अन्यथा तुमच्यावर कारवाई करण्यात येईल.’ पत्ता संचालकाच्या घरचा, कॉलेज रोडचा.

वाचायला ठीक वाटतं. पण यात चार ठिकाणी पाय घसरतो.

सगळ्यात वाईट चूक रकमेची. कायद्यात मागणी ‘त्या चेकच्या रकमेची’ हवी. 6,15,000 मध्ये चेकचे 4,80,000 आहेत, जुन्या दोन बिलांचे 1,35,000 आहेत, वर व्याज वेगळंच. यातले नेमके किती दिले म्हणजे फौजदारी टळेल, हे वाचणाऱ्याला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालच्या सुमन सेठी प्रकरणात सांगितलं आहे की चेकची रक्कम वेगळी दाखवून बाकीची येणी स्वतंत्र मांडली तर नोटीस चालते. सगळं एकत्र गुंडाळलं तर नाही. 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात तर चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. टायपिंगची चूक होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. म्हणून अंक आणि अक्षर दोन्ही चेकवर बोट ठेवून वाचा. ‘4,80,000 (चार लाख आठ हजार)’ असं सर्रास सुटतं, कारण डोळा अंक वाचून पुढे सरकतो. चेक दिल्यानंतर समोरच्याने मधे काही पैसे भरले असतील तर तेही सहीआधीच वकिलांना सांगा. 2022 च्या दशरथभाई पटेल निकालानंतर, चेक भरला तेव्हा देणं चेकच्या रकमेइतकं उरलंच नव्हतं, हा मुद्दा हमखास निघतो आणि तो नोटिशीची वाक्यं फिरवून झाकता येत नाही.

दुसरी चूक ‘तुम्ही’ ही. तुम्ही म्हणजे कोण, संचालक की कंपनी? चेक कंपनीच्या खात्याचा आहे, म्हणजे नोटीस आधी कंपनीला तिच्या पूर्ण नावाने हवी आणि सही करणाऱ्या संचालकाला वेगळी. 2019 च्या हिमांशु प्रकरणात नोटीस फक्त संचालकाला गेली होती आणि कंपनीला आरोपीही केलं नव्हतं. ती तक्रार टिकली नाही. बिलावर फर्मचं नाव एक आणि चेकवर दुसरं असेल तर जीएसटी पोर्टलवर बिलातला नंबर टाकून पाहा. तिथे `Legal Name of Business` आणि `Constitution of Business` या दोन ओळींत कंपनी, भागीदारी की एकट्याचा धंदा हे दिसतं. दुकानाच्या पाटीवरचं नाव पुरेसं नाही.

तिसरी चूक तारखेची. ‘गेल्या महिन्यात’ हे नोटिशीत चालत नाही, आणि ‘10/03/26’ असंही लिहू नका. ‘10 मार्च 2026’ लिहा. चेकची तारीख, बँकेत भरल्याची, मेमोची आणि मेमो मिळाल्याची, या चारही तारखा वेगवेगळ्या दाखवा. तीस दिवस म्हणजे महिना नव्हे, हे सांगून सांगून तोंड दुखलं. 10 मार्च धरायचा नाही, 11 पासून मोजायचं. मार्च 31 दिवसांचा, त्यामुळे तिसावा दिवस 9 एप्रिल येतो. ‘10 तारखेपर्यंत वेळ आहे’ म्हणणारा एका दिवसाने उशीर करतो, आणि नोटिशीला झालेला उशीर माफ करण्याची तरतूद नाही.

चौथी चूक ‘नोटीसच्या तारखेपासून’ ही. कायदा समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस देतो. मसुद्यात दुसरंच लिहिलं तर मुदत नेमकी कधी संपली यावर वाद घालायला आपणच जागा करून देतो.

दुरुस्त वाक्य असं होईल: ‘ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत तुम्ही क्र. 1 कंपनी व क्र. 2 संचालक यांनी सदर चेकची रक्कम रुपये 4,80,000 (चार लाख ऐंशी हजार फक्त) आमच्या अशिलांना द्यावी. अन्यथा परक्राम्य संलेख अधिनियम 1881 च्या कलम 138 नुसार तक्रार दाखल केली जाईल.’ जुन्या बिलांचे 1,35,000 आणि व्याज खालच्या स्वतंत्र परिच्छेदात घ्या आणि तिथे स्पष्ट लिहा की ही मागणी चेकच्या रकमेपेक्षा वेगळी आहे.

वाचताना एकाने मसुदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मूळ चेक आणि मेमो समोर धरावा. झेरॉक्स नको, शेवटचा अंक त्यात पुसट येतो. जुन्या फाईलवरून मसुदा बनवला असेल तर मागच्या पक्षकाराचं नाव कुठेतरी तसंच राहिलेलं असतं, बहुधा शेवटच्या परिच्छेदात. माथ्यावरचं ‘रजिस्टर पोस्ट ए.डी.’ही बघा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पावतीवर जे आहे तेच मसुद्यात लिहा.

पोस्टाच्या ट्रॅकिंगचा कागद डिलिव्हरी झाल्या दिवशीच छापून घ्या. समजा कंपनीला नोटीस 6 एप्रिलला मिळाली. 15 दिवस 21 एप्रिलला संपतात, तक्रारीचा हक्क 22 एप्रिलला सुरू होतो आणि तिथून एक महिना, म्हणजे 22 मे 2026 पर्यंत, तक्रार दाखल करायची. इथला महिना मात्र कॅलेंडरचाच. घाई करून 21 एप्रिलला किंवा त्याआधी कोर्टात गेलात तर तक्रार अकाली ठरते, हे 2014 च्या योगेंद्र प्रताप सिंग निकालात स्पष्ट झालं आहे. 22 मे नंतर गेलात तर उशिराचं सबळ कारण दाखवून माफी मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं.