गच्चीवर उंच शेड की बुटकं छप्पर? गळतीसाठी दोन्ही एक नाहीत

नाशकात सिडको, पंचवटीकडे जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर आता सगळीकडे पत्रा दिसतो, आणि लोक सरसकट त्याला शेडच म्हणतात. पण आठ-नऊ फूट उंच, चारी बाजू उघडं शेड वेगळं आणि पॅरापेटच्या जेमतेम वर बसवलेलं उतरतं छप्पर वेगळं. स्लॅब गळतोय म्हणून खर्च करणार असाल तर हा फरक आधी समजून घ्या.

उंच शेडखाली बसता येतं, कपडे वाळत घालता येतात, हवा खेळती राहते. पण आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि पाऊस तिरका पडतो. म्हणजे पत्रा असूनही कडेचा चार-पाच फूट कोबा भिजतच राहतो आणि खालच्या खोलीत भिंतीलगतची ओल काही जात नाही, मग लोक पत्र्याला दोष देतात.

बुटक्याचं उदाहरण घ्या. गच्ची ३० बाय २० फूट, पॅरापेट ३ फूट. पश्चिमेची कड साडेतीन फुटावर, पूर्वेची साडेपाच फुटावर, म्हणजे २० फुटात २ फूट उतार. पत्रा अखंड लांबीचा घ्यायचा, मधे जोड नको, आणि पॅरापेटच्या बाहेर फूटभर काढायचा. तासाला ५० मिमी पाऊस आला तर या छपरावरून तासाभरात तीन हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं, म्हणून पन्हाळ चांगली रुंद हवी, तिला स्वतःला उतार हवा आणि चार इंची पाइप निदान दोन. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये. गच्चीची जुनी मोरीही बुजवू नका.

फ्रेमला वजनाची भीती फारशी नाही, पत्रा आणि बॉक्स पाइप मिळून चौरस मीटरला १२-१५ किलो. खरी भीती वाऱ्याची, तो पत्रा वर उचलतो आणि ती ओढ या वजनाच्या कितीतरी पट असू शकते. उंच उघड्या शेडला तर वारा खालूनही लागतो, म्हणून तिथे खांब जाड आणि तिरपे आधार लागतातच. बेसप्लेट कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर घ्या. फॅब्रिकेटर सोयीसाठी मधल्या स्लॅबलाच भोकं पाडायला लागला तर थांबवा, ती गळतीची नवीन जागा होते.

थंडाव्याचं म्हणाल तर ऊन स्लॅबवर पडत नाही हा फायदा दोन्हीत आहे. मात्र मे महिन्यात पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि खालची हवाही तापवतो. बुटक्या छपरात ती कोंडली तर रात्री उशिरापर्यंत खोली गरमच राहते. म्हणून पूर्वेच्या उंच बाजूचा अडीच फूट मोकळा भाग भिंत बांधून बंद करू नका, जाळी किंवा लूव्हर लावा, आणि खालच्या कडेची अर्ध्या फुटाची फटही ठेवा. गरम हवा वरून निघते, खालून गार येते. पत्रा पांढरा घेतलात तर आणखी फरक पडतो.

गळती थांबवायची असेल तर मी बुटकंच सुचवेन, वापरायला जागा हवी असेल तर उंच, पण मग पश्चिमेच्या बाजूला पत्र्याचा पडदा आणि कडेच्या कोब्याचं वॉटरप्रूफिंग त्याच बजेटमध्ये धरा. काम झाल्यावर पहिल्या पावसातच निकाल लावू नका, मुरलेलं पाणी सुकायला वेळ लागतो. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा, डाग रेघेबाहेर गेला तरच पाणी अजून येतंय असं समजा.