क्षमताधारित व आशयाधारित अभ्यासक्रम (तंत्र व व्यवसाय शिक्षण)

आशयाधारित अभ्यासक्रम ‘काय शिकवायचे आणि किती तास’ हे ठरवतो. क्षमताधारित अभ्यासक्रम शेवटाकडून निघतो: शिकाऊ उमेदवाराला काय करता आले पाहिजे, कोणत्या अवजारांनी आणि किती अचूक. भारतात दुसऱ्या पद्धतीला अधिकृत चौकट मिळाली ती २०१३ साली, राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यामुळे.

दोहोंतला फरक आयटीआयच्या फिटर शाखेत, व्हाइसवर, चांगला दिसतो. समजा, २५ मिमी रुंदीचा नर-मादी जॉब, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन भाग, कानशीने बनवायचा आहे आणि प्रत्येक मापाला ±०.०४ मिमीची सूट आहे. एकाचा नर भाग २५.०३ भरला, मादीची खाच २४.९८. दोन्ही मापे सुटीत बसतात, पण खाच ०.०५ मिमीने अरुंद असल्याने जॉब जुळतच नाही. गुण मापागणिक दिले तर मापांचे पूर्ण गुण मिळतात, जोडाचे तेवढे जातात. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के पुरत असल्याने पोरगा सुटतो. साकीनाक्याच्या गाळ्यात मात्र न जुळणाऱ्या जॉबला साठ टक्के पैसे मिळत नाहीत.

क्षमताधारित मूल्यमापनात कसोटी जोडाचीच असते: नर हाताच्या दाबाने सरकला पाहिजे आणि फटीत ०.०५ मिमीचे फीलर पान, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, शिरता कामा नये. निकाल दोनच, ‘सक्षम’ किंवा ‘अजून नाही’. नाही म्हटले की कारण शोधावे लागते. नराला प्रशियन ब्ल्यू लावून खाचेत बसवून पाहिला की रंग जिथे उठतो ते उंचवटे. कानस तिथेच चालवायची. घाईने नरच घासून २४.९२ केला तर तो सरकतो, पण फीलर पानही शिरते आणि माप सुटीबाहेर जाते. कानस दोन्ही टोकांना झुलत असेल तर पृष्ठभाग मध्ये फुगतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला की कडांपाशी उजेड दिसतो. अशाला पुढचा जॉब देण्यापेक्षा उभे राहण्याची ढब सुधारून तोच जॉब पुन्हा द्यायचा.

पद्धत अडते ती इथेच. क्षमता स्थिर धरली की वेळ सैल सोडावा लागतो. पण तुकडी वीसची, व्हाइस मोजके आणि पुढची तुकडी ठरल्या दिवशी दारात. म्हणून अनेक ठिकाणी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ‘अध्ययन निष्पत्ती’ येतात, वेळापत्रक मात्र जुनेच राहते. निदेशक सत्राअखेरी रकान्यांत एकगठ्ठा खुणा करतो. वहीतल्या सगळ्या खुणांची तारीख एकच असेल तर ते ओळखता येते.

दुसरा दोष खुद्द पद्धतीचा. काम बारीक निकषांत चिरले की ‘मायक्रोमीटर वाचतो’ आणि ‘कानस धरतो’ अशा सुट्या खुणा जमतात, पण आधी नर पुरा करून मादी त्याला जुळवायची हा क्रम कोणत्याच रकान्यात येत नाही. शिवाय ±०.०४ म्हणजे नेमके काय, सूट नर आणि मादीवर कशी वाटायची, हे कळायला फळ्यावरचा तास लागतोच. वरचा जॉब फसला तो त्याच अज्ञानाने, हात कच्चा होता म्हणून नव्हे.