नकाशाप्रमाण व अंतराचा अंदाज : मैदानावरील मापनपाठ

शाळेचे मैदान पावलांनी मोजून त्याचा प्रमाणबद्ध आराखडा काढण्याचा भूगोलातील प्रात्यक्षिक पाठ. नकाशावरील दोन बिंदूंमधील अंतर आणि जमिनीवरील त्याच बिंदूंमधील अंतर यांच्या गुणोत्तराला नकाशाप्रमाण म्हणतात. ते शब्दांत, अंकांत किंवा रेषेने दाखवले जाते. पाठात तिन्ही प्रकार येत असले, तरी त्याचा खरा गाभा पावलाच्या लांबीचे प्रमाणीकरण हा आहे.

या पाठाचा उगम नेमका कोठे शोधावा याविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याने १७६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलाने डोळ्यांनी अंतरे जोखावीत आणि आपल्या परिसराचा नकाशा स्वतः काढावा, असे सुचवले होते. मात्र त्याचा विद्यार्थी काल्पनिक आणि एकटा आहे. वर्गातील गटाने करण्याच्या कामाचा विचार करता, स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सीच्या स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दों येथील शाळेतील परिसर-अभ्यास अधिक जवळचा ठरतो. तेथील मुले भोवतालच्या दरीत हिंडून परतल्यावर मातीत तिची उठावदार प्रतिकृती तयार करीत. भूगोलज्ञ कार्ल रिटर याने १८०७ मध्ये या शाळेला भेट दिली होती. त्यामुळे ही पद्धत पुढे भूगोलाच्या अध्यापनात त्याच्यामार्फत आली असावी, असे मानण्यास जागा आहे.

पावलांनी अंतर मोजण्याची रीत अर्थातच याहून फार जुनी आहे. रोमन मैल हा एक हजार दुहेरी पावलांचा होता. हिंदुस्थानातील ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचे सर्वेक्षक नैनसिंग रावत यांनी १८६५-६६ मध्ये तिबेटचे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना ते एक मणी ओढीत. त्यांच्या पावलाची लांबी काही लेखक ३३ इंच देतात, तर काही ३१.५ इंच. त्यांची २,००० पावले म्हणजे एक मैल, असे बहुतेक वर्णनांत आढळते. मैल ६३,३६० इंचांचा असल्याने या हिशेबाने पाऊल ३१.६८ इंचांचे येते. ३३ इंच धरल्यास मैल २२० फुटांनी लांबतो. तेव्हा दुसरा आकडा अधिक सुसंगत वाटतो. दीड इंचाचा हा फरक सुमारे पावणेपाच टक्क्यांचा आहे आणि मैदानावरील पाठातही चूक साधारण याच जातीची होते.

कृतीची सुरुवात टेपने आखलेल्या ५० मीटरच्या सरळ रेषेने होते. टेप ताणून धरावा लागतो आणि त्याचे शून्य नेमके कोठे आहे ते आधी पाहावे लागते. काही टेपांत ते कडीच्या टोकाशी असते, काहींत थोडे आत. प्रत्येक विद्यार्थी ही रेषा नेहमीच्या चालीने तीनदा चालतो. रेषेवर उभे असतानाच ‘एक’ म्हणण्याची सवय मुलांत सर्रास आढळते आणि त्यामुळे एक पाऊल जास्त मोजले जाते. पहिले पाऊल पुढे टेकल्यावरच ‘एक’ म्हणायचे.

समजा, एका विद्यार्थिनीची पावले ८०, ७९ आणि ८१ भरली. सरासरी ८०, म्हणून पाऊल ६२.५ सेंटिमीटरचे. आयताकार मैदानाची लांबी तिच्या १४४ पावलांची आणि रुंदी ८८ पावलांची भरते, म्हणजे अनुक्रमे ९० मीटर व ५५ मीटर. आता प्रमाण ठरवायचे. कागद सुमारे ३० सेंटिमीटर लांब व २१ सेंटिमीटर रुंद असेल, तर १:२५० प्रमाणाने ३६ सेंटिमीटरची बाजू त्यावर मावत नाही. १:५०० घेतले की ९० मीटर म्हणजे ९,००० सेंटिमीटर भागिले ५००, अर्थात १८ सेंटिमीटर. रुंदी ११ सेंटिमीटर. भोवती शीर्षक, उत्तर दिशा आणि रेषाप्रमाण यांना जागा उरते. रेषाप्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. आराखड्याची प्रत लहान-मोठी करून काढली, तर ‘१:५००’ हा आकडा खोटा ठरतो. रेषा मात्र चित्राबरोबरच आखडते किंवा वाढते आणि खरी राहते.

तपासणीसाठी दोन्ही कर्ण चालावेत. एक कर्ण १७० पावलांचा, म्हणजे १०६.२५ मीटर भरला. पायथागोरसच्या प्रमेयाने तो सुमारे १०५.५ मीटर यायला हवा. फरक एका टक्क्याहून कमी असल्याने तो स्वीकारण्याजोगा आहे. दुसरा कर्णही तेवढाच भरला, तर कोपरे काटकोनी मानता येतात. एक १७० आणि दुसरा १५८ पावलांचा निघाला, तर मैदान तिरके आहे किंवा एखादी मोजणी चुकली आहे. मोजणी पुन्हा करूनही फरक उरला, तर आयत काढू नये. दोन बाजू व एक कर्ण घेऊन कंपासने त्रिकोण काढावा आणि त्यावर दुसरा रचावा.

मात्र कर्णाची ही तपासणी पावलाच्या लांबीतील चूक पकडू शकत नाही, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. सगळा वर्ग पाहत असताना ५० मीटरच्या रेषेवर मुले नकळत लांब टांगा टाकतात. पुढे मैदानात, विशेषतः गवतावर किंवा चढावर, पाऊल आखडते. वरील विद्यार्थिनीचे पाऊल मैदानात प्रत्यक्षात ६० सेंटिमीटरचे पडले असेल, तर लांबी ८६.४ मीटर, रुंदी ५२.८ मीटर आणि कर्ण १०२ मीटर होतो. तिन्ही मापे सारख्याच प्रमाणात घटल्याने प्रमेयाशी मेळ पूर्वीइतकाच बसतो. आराखड्याचा आकार अचूक असतो, पण त्याचे खरे प्रमाण १:५०० नसून १:४८० असते. ही चूक उघड करण्याचा उपाय एकच : मैदानातील एखादी बाजू टेपने पुन्हा मोजणे. टेपचे माप आणि पावलांचे माप यांचे गुणोत्तर काढले की सर्व अंतरे त्याच गुणकाने सुधारता येतात. आराखडा नव्याने काढावा लागत नाही, फक्त त्यावरील प्रमाण बदलायचे. यादृच्छिक चुका वेगळ्या ओळखू येतात. त्या कधी जास्त, कधी कमी असतात आणि फेऱ्या वाढवल्या की सरासरीत बऱ्याच अंशी विरतात.

बारकाईलाही मर्यादा आहे. पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:५०० प्रमाणात २५ सेंटिमीटर जागा व्यापते. त्याखालचे दशांश नोंदवण्यात अर्थ नाही. तीच रेघ १:५०,००० च्या नकाशावर २५ मीटरची होते आणि हे संपूर्ण मैदान तेथे जेमतेम १.८ मिलिमीटर लांब दिसते. यावरून १:५०० हे मोठे आणि १:५०,००० हे लहान प्रमाण का, हेही लक्षात येते. खालचा आकडा मोठा म्हणून प्रमाण मोठे, असा समज मोठ्यांतही आढळतो.

आराखडा झाल्यावर डोळ्यांनी अंतर जोखण्याचा भाग येतो. विद्यार्थी एखाद्या झाडापर्यंतचे अंतर आधी लिहितात, मग चालून मोजतात. मध्ये काही नसलेल्या मोकळ्या सपाट जागेत आणि लख्ख उन्हात वस्तू जवळ भासतात. अंधूक प्रकाशात किंवा दोन्ही बाजूंनी बंदिस्त वाटेच्या टोकाशी त्या लांब वाटतात. अंदाज मोजणीपूर्वी लिहून घेणे आवश्यक आहे, कारण खरा आकडा कळल्यावर अंदाज त्याकडे झुकतो.