रीमान बेरीज

वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्या भागाच्या अरुंद उभ्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीच्या जागी एक आयत धरायचा आणि सगळ्या आयतांची क्षेत्रफळे मिळवायची. या बेरजेला रीमान बेरीज म्हणतात. जर्मन गणिती बर्नहार्ट रीमान (१८२६–१८६६) यांच्या नावावरून हे नाव पडले. पट्ट्या अरुंद होत गेल्या की बेरीज ज्या एका संख्येकडे सरकते, ती संख्या म्हणजे निश्चित समाकल. बारावीच्या गणितात ‘बेरजेची सीमा’ म्हणून जे येते ते हेच. मात्र परीक्षेत बहुधा सूत्र घालून उत्तर काढले जाते, त्यामुळे आयतांची बेरीज हाताने करून पाहण्याची वेळ अनेक विद्यार्थ्यांवर येतच नाही.

मुंबईच्या विद्यार्थ्याला रोजच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे धीमी लोकल. गाडी एका स्थानकातून सुटते, वेग घेते आणि पुढच्या स्थानकात थांबते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन आलेख काढला, तर वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे गाडीने कापलेले अंतर. कारण सरळ आहे. वेग स्थिर असता तर अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, म्हणजेच एका आयताचे क्षेत्रफळ. वेग बदलत असला तरी दहा सेकंदांत तो फारसा बदलत नाही असे मानता येते, आणि मग त्या दहा सेकंदांपुरता आयत चालतो.

समजा, दोन स्थानकांमधला प्रवास १२० सेकंदांचा आहे आणि सुटल्यापासून t सेकंदांनी गाडीचा वेग, मीटर प्रतिसेकंदात, असा आहे:

v(t) = t(120 − t)/180

हा सोयीसाठी घेतलेला नमुना आहे. खरा मोटरमन इतक्या गुळगुळीत वक्रावर गाडी चालवत नाही. तरी आकडे अगदीच हवेतले नाहीत: मध्यावर, म्हणजे ६०व्या सेकंदाला, वेग २० मीटर प्रतिसेकंद होतो, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. (वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदात ठेवून गुणाकार करणे ही इथली नेहमीची चूक. उत्तर ३.६ पट मोठे आले की तीच झाली आहे असे समजावे.)

आधी फक्त वेग वाढण्याचा भाग, म्हणजे पहिली ६० सेकंदे घेऊ. त्याच्या दहा-दहा सेकंदांच्या सहा पट्ट्या होतात. ०, १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६०व्या सेकंदाचे वेग अनुक्रमे ०, ६.११, ११.११, १५, १७.७८, १९.४४ आणि २० येतात. आता प्रत्येक आयताची उंची कुठली घ्यायची, हा प्रश्न आहे. पट्टीच्या डाव्या कडेवरचा वेग घेतला तर पहिले सहा आकडे मिळवून १० ने गुणायचे, उत्तर ६९४.४ मीटर. उजव्या कडेवरचा वेग घेतला तर शेवटचे सहा आकडे, आणि उत्तर ८९४.४ मीटर. वेग सतत वाढत असल्यामुळे डावीकडचे आयत वक्राच्या खाली राहतात आणि उजवीकडचे वक्राच्या वर डोकावतात. म्हणून खरे अंतर या दोन आकड्यांच्या मध्ये असणार, हे खात्रीने सांगता येते.

दोन उत्तरांत बरोबर २०० मीटरचा फरक आहे, आणि तो योगायोग नाही. प्रत्येक पट्टीत उजव्या आणि डाव्या आयतांमधला फरक म्हणजे वक्राच्या अंगाने चढणारा एक छोटा आयत. आलेख कागदावर हे सहाही छोटे आयत आडवे सरकवून एका पट्टीत आणले, तर ते एकावर एक नेमके बसतात. १० सेकंद रुंद आणि २० मीटर प्रतिसेकंद उंच असा एकच खांब तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ २००. वक्र नुसता चढता किंवा नुसता उतरता असेल तर हा फरक नेहमी ‘पट्टीची रुंदी गुणिले पहिल्या व शेवटच्या उंचीतला फरक’ एवढाच असतो. रुंदी एक सेकंद केली की फरक २० मीटरवर येतो. अचूक उत्तर माहीत नसतानाही आपण त्यापासून जास्तीत जास्त किती लांब आहोत, हे यातून कळते.

पट्ट्यांची संख्या n ठेवली आणि पहिल्या n संख्यांच्या व त्यांच्या वर्गांच्या बेरजेची सूत्रे वापरली, तर उजव्या कडेची बेरीज अशी सुटते:

800 + 600/n − 200/n²

डाव्या कडेची बेरीज 800 − 600/n − 200/n². n वाढत गेला की n असलेली पदे विरून जातात आणि दोन्ही बाजूंनी ८०० उरतात. अंतर ८०० मीटर. या सूत्रांतून सीमेपेक्षाही उपयोगी गोष्ट दिसते, ती म्हणजे आपण तिच्याकडे किती सावकाश जातो. चूक ६००/n च्या बेताची आहे. पट्ट्या दुप्पट केल्या तर चूक फक्त निम्मी होते, आणि एक मीटरच्या आत यायचे तर सुमारे सहाशे पट्ट्या लागतात.

आयताची उंची पट्टीच्या मध्यावर मोजली तर चित्र पालटते. ५, १५, २५, ३५, ४५ आणि ५५व्या सेकंदाचे वेग मिळवून १० ने गुणले की ८०२.८ मीटर येतात. पट्ट्या सहाच, पण चूक तीन मीटरांपेक्षा कमी. या उदाहरणात मध्याची बेरीज 800 + 100/n² अशी येते, म्हणजे दहा पट्ट्यांतच ८०१. कारण आयताचा वरचा काठ वक्राला मध्यावर छेदतो, त्यामुळे एका अंगाला जेवढा भाग जास्त धरला जातो, जवळजवळ तेवढाच दुसऱ्या अंगाला कमी पडतो. डाव्या आणि उजव्या बेरजेची सरासरीही चांगली येते, ७९४.४, पण तिची चूक मध्याच्या चुकीच्या दुप्पट आणि उलट दिशेची आहे. सरासरी म्हणजे आयतांऐवजी समलंब चौकोन वापरणे. वक्र वरच्या बाजूला फुगलेला असेल तर समलंबाची तिरपी रेषा त्याच्या खालीच राहते, म्हणून उत्तर कमी भरते.

आता पूर्ण १२० सेकंद घेऊ. इथे विद्यार्थी हमखास फसतो. दहा-दहा सेकंदांच्या बारा पट्ट्यांवर डावी बेरीज १५८८.९ येते आणि उजवी बेरीजही तेवढीच. दोन्ही जुळल्या, म्हणजे उत्तर अचूक आले असे वाटते. तसे नाही, खरे अंतर १६०० मीटर आहे. बेरजा जुळतात त्या केवळ सुरुवातीचा आणि शेवटचा वेग सारखाच शून्य असल्यामुळे. पहिल्या अर्ध्या भागात डावी कड कमी भरते, तर उतरत्या भागात तीच जास्त भरते. त्यामुळे ‘डावी म्हणजे कमी, उजवी म्हणजे जास्त’ हा नियम संपूर्ण वक्राला लागू होत नाही. खात्रीच्या मर्यादा हव्या असतील तर प्रत्येक पट्टीतली सर्वांत कमी उंची घेऊन एक बेरीज आणि सर्वांत जास्त उंची घेऊन दुसरी करावी लागते. इथे त्या १३८८.९ आणि १७८८.९ येतात. यांना निम्न आणि ऊर्ध्व बेरीज म्हणतात, आणि फ्रेंच गणिती गास्तों दार्बू यांनी १८७५ मध्ये याच जोडीवर समाकलाची मांडणी केली.

१६०० हा आकडा पडताळण्याची एक जुनी वाट आहे. आपला वेगाचा वक्र अन्वस्त आहे. अन्वस्ताच्या कापलेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ त्यात बसवलेल्या त्रिकोणाच्या चार-तृतीयांश असते, हे आर्किमिडीजने इ. स. पू. तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते. पाया १२० आणि उंची २० चा त्रिकोण १२०० चा, आणि त्याचे चार-तृतीयांश १६००. सीमेची आजची व्याख्या हाताशी नसताना त्याने हे केले, हे विशेष.

१८२३ मध्ये फ्रेंच गणिती कोशी यांनी सलग वक्रांसाठी डाव्या कडेच्या बेरजेची सीमा घेऊन समाकलाची व्याख्या दिली होती. रीमान यांनी १८५४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाला सादर केलेल्या, त्रिकोणमितीय श्रेढींवरच्या प्रबंधात दोन बाबतीत मोकळीक घेतली. वक्र सलग असलाच पाहिजे असे नाही, आणि उंची पट्टीतल्या कुठल्याही बिंदूवर मोजली तरी चालेल. अट एकच: बिंदू कसेही निवडले तरी बेरजा त्याच एका संख्येकडे गेल्या पाहिजेत. हा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८६८ मध्ये छापून आला.

पट्ट्या सारख्याच रुंदीच्या हव्यात असेही नाही. पण मग ‘पट्ट्यांची संख्या अनंताकडे’ एवढे म्हणून भागत नाही, सर्वांत रुंद पट्टीची रुंदी शून्याकडे गेली पाहिजे. पहिल्या ३० सेकंदांची एकच पट्टी तशीच ठेवली आणि उरलेल्या ३० सेकंदांचे हजारो तुकडे केले, तर काय होते? उजव्या कडेने त्या पहिल्या पट्टीचे अंतर ३० गुणिले १५, म्हणजे ४५० मीटर धरले जाते, प्रत्यक्षात ते २५० आहे. उरलेला भाग कितीही बारीक चिरला तरी एकूण बेरीज ८०० ऐवजी १००० कडेच जाते.

रीमान यांची अट न पाळणारी फलनेही आहेत. ० ते १ या अंतरात परिमेय संख्येला १ आणि अपरिमेय संख्येला ० अशी किंमत देणारे फलन घ्या. पट्टी कितीही अरुंद असो, तिच्यात दोन्ही प्रकारच्या संख्या असतातच. सगळीकडे परिमेय बिंदू निवडले तर बेरीज १, अपरिमेय निवडले तर ०. एक ठरलेली सीमा नाही, म्हणून रीमान अर्थाने समाकलही नाही. शाळा-कॉलेजात भेटणाऱ्या सलग वक्रांना ही अडचण येत नाही. अक्षाखाली जाणाऱ्या वक्राबाबत मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की तिथल्या आयतांचे क्षेत्रफळ ऋण धरले जाते.

फोनवर वेग दाखवणारे अ‍ॅप उघडून लोकलमध्ये दर दहा सेकंदांनी आकडे टिपले, तर सूत्र नसतानाही हीच बेरीज करता येते. पट्टीच्या मध्यावरचे आकडे वेगळे टिपलेले नसतील तर डाव्या-उजव्याची सरासरी घ्यावी. मात्र अशा वेळी पट्ट्या बारीक करण्यालाही मर्यादा असते. अ‍ॅप सुरुवातीपासून ताशी एक किलोमीटर जास्त दाखवत असेल, तर ६० सेकंदांत सुमारे १७ मीटर फुकटचे जमा होतात, आणि दर सेकंदाला नोंद घेतली तरी ते तसेच राहतात. याउलट आकडे कधी थोडे वर, कधी थोडे खाली असे चुकत असतील, तर बेरजेत त्यातले बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. कुठली चूक आहे हे ओळखायचे तर स्थानकात गाडी उभी असताना अ‍ॅपवर किती वेग दिसतो, तो आधी पाहून घ्यावा.