मुक्तस्रोत योगदान व विकसकांतील ओळख

ज्या संगणक प्रणालीचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो, तिच्यासाठी एखाद्या विकसकाने पाठवलेला आणि प्रकल्पाने स्वीकारलेला बदल म्हणजे मुक्तस्रोत योगदान. या बदलाबरोबर तो करणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे व स्वीकारणाऱ्याचे नाव कोडच्या इतिहासात कायम राहते. एकमेकांना कधीच न भेटलेले विकसक या नोंदींवरून परस्परांना ओळखू लागतात आणि पुढची सहकार्ये पुष्कळदा तिथूनच जुळतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, पद्धत विचारात घेतली आहे, कारण तिथे ही नोंद विशेष तपशिलाने ठेवली जाते.

उगम : योगदानकर्त्याचे नाव नोंदवण्याची प्रथा कोठून आली याबद्दल एकमत नाही. एरिक रेमंड यांनी १९९८ च्या सुमारास मांडलेल्या मतानुसार विकसकांचा हा समाज भेटवस्तू देण्याच्या संस्कृतीवर चालतो. जो अधिक देतो त्याची प्रतिष्ठा वाढते, म्हणून नाव पुसणे हा गंभीर अपराध ठरतो. जॉश लर्नर व झाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये वेगळे स्पष्टीकरण दिले : सर्वांसमोर केलेले काम भावी मालकाला व सहकाऱ्याला विकसकाची कुवत दाखवते, आणि नावाचे मोल त्यामुळे आहे. दोन्ही मते नाव का हवेसे वाटते हे सांगतात. ते नोंदले का जाऊ लागले, हा प्रश्न मात्र त्यांनी पुरेसा सुटत नाही.

साधनांच्या इतिहासाकडे पाहिले, तर उत्तर अधिक साधे असावे असे दिसते. लॅरी वॉल यांचा `patch` हा प्रोग्राम १९८५ मध्ये आला. त्यामुळे संपूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेल्या ओळी, म्हणजे पॅच, पाठवणे सोयीचे झाले, आणि बदल हीच स्वतंत्र, कोणाच्या तरी नावे सांगता येणारी वस्तू बनली. ग्नू प्रकल्पाच्या `ChangeLog` फाइलींत प्रत्येक नोंदीच्या शिरोभागी तारीख, नाव व ई-मेल पत्ता असे. उद्या काही बिघडले तर कोणाला विचारायचे हे त्यातून कळे. कर्नलमधील `Signed-off-by` ही ओळही कीर्तीसाठी सुरू झालेली नाही. लिनक्समधील कोडच्या मालकीवरून २००३ मध्ये एससीओ या कंपनीने खटला भरला. त्यानंतर २००४ मध्ये, पाठवलेला कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे, असे प्रत्येकाने नावानिशी जाहीर करण्याची पद्धत लागू झाली. नोंद जबाबदारीसाठी सुरू झाली आणि प्रतिष्ठा तिच्यामागून आली, हे मत म्हणून अधिक ग्राह्य वाटते.

प्रक्रिया : एक काल्पनिक पण नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. प्रकाश मोजणाऱ्या एका संवेदकाच्या ड्रायव्हरमध्ये वीजपुरवठा सुरू करण्याची सूचना दिली जाते, पण ती फसली की काय हे तपासले जात नाही. फसल्यास संवेदक बंद राहतो आणि ड्रायव्हर मात्र निरर्थक आकडे वाचत बसतो. एका वापरकर्त्याने ही तक्रार कळवली आहे. दुरुस्ती तीन ओळींची आहे :

```
ret = regulator_enable(data->vdd);
if (ret)
	return ret;
```

पॅच तयार झाल्यावर विकसक `scripts/checkpatch.pl` चालवून लेखनशैलीचे दोष काढतो. मग `scripts/get_maintainer.pl` त्या फाइलीचे मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, कोण आणि पॅच कोणत्या ई-मेल यादीवर पाठवायचा हे सांगते. योग्य माणसांशी पहिला परिचय होतो तो या टप्प्यावर. उत्तर आले नाही, तर किमान एक आठवडा थांबून मगच आठवण करावी असा संकेत आहे. नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचा सुमारे दोन आठवड्यांचा काळ चालू असेल, तर अधिक थांबणे शहाणपणाचे.

समजा, एका तपासनीसाने दाखवून दिले की याच फंक्शनमध्ये पुढे चूक झाल्यास वीजपुरवठा पुन्हा बंद केला जात नाही. विकसक ती दुरुस्ती करून `[PATCH v2]` पाठवतो. दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले हे तो `---` या रेषेखाली लिहितो, म्हणजे ते वाचणाऱ्याला दिसते पण कायमच्या इतिहासात जात नाही. स्वीकारलेल्या बदलाच्या शेवटी अशा ओळी उरतात (नावे व पत्ते येथे गाळले आहेत) :

```
Reported-by: ...
Tested-by: ...
Signed-off-by: ...
Reviewed-by: ...
Signed-off-by: ...
```

पहिली सही लेखकाची, शेवटची मेंटेनरची. इतर ओळींचे वजन सारखे नसते. `Tested-by` म्हणजे बदल प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहिला. `Reviewed-by` म्हणजे तांत्रिक परीक्षण करून तो घेण्याजोगा असल्याची ग्वाही दिली. ही ग्वाही देणाऱ्याचे नाव लेखकाच्या नावाइतकेच टिकते. म्हणूनच एखाद्या भागात नव्याने आलेल्याला स्वतःचे पॅच पाठवत राहण्यापेक्षा इतरांचे पॅच नीट तपासून मेंटेनरच्या परिचयात लवकर येता येते. तपासणाऱ्यांची उणीव जवळपास सर्वत्र असते. पॅचची तेवढी नसते. मात्र एकही प्रश्न न विचारता दिलेल्या `Reviewed-by` ओळींना अनुभवी मेंटेनर फारसे महत्त्व देत नाहीत.

नोंदीतील दोष : एकाच व्यक्तीची कामे दोन पत्त्यांवर विभागली जाणे हा नेहमीचा दोष. घरच्या संगणकावर एक पत्ता, कार्यालयात दुसरा, असे झाले की इतिहासात दोन माणसे दिसतात. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या पुढील आज्ञेने ते लगेच लक्षात येते :

```
git shortlog -sne
```

जुना इतिहास बदलता येत नसल्याने `.mailmap` या फाइलीत दोन्ही पत्ते एका नावाशी जोडले जातात. तसेच गिट लेखक व कमिट करणारा यांची नावे वेगवेगळी ठेवते. मेंटेनरने पॅच स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून घेतला, तर लेखक म्हणून त्याचेच नाव लागू शकते. दोघांनी मिळून काम केले असल्यास `Co-developed-by` व त्याखालोखाल त्याच व्यक्तीची सही, अशी जोडी कर्नलमध्ये अपेक्षित असते.

प्रत्यक्ष भेट : काही जागी लेखी ओळख पुरत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पात पूर्ण सदस्यत्वासाठी उमेदवाराच्या कूटकळीवर, म्हणजे त्याची डिजिटल सही पडताळण्याच्या कळीवर, आधीच्या सदस्याची सही सहसा लागते आणि त्यासाठी बहुधा समोरासमोर भेटावे लागते. kernel.org च्या सर्व्हरांत २०११ मध्ये घुसखोरी झाल्यानंतर कर्नलच्या मेंटेनरांनीही एकमेकांच्या कळ्यांवर सह्या करून विश्वासाचे जाळे नव्याने विणले.

मर्यादा : सातत्याने चांगले काम करणारे नाव विश्वासार्ह ठरते, पण त्या नावामागे कोण आहे हे नोंद सांगत नाही. `xz` या संक्षेपन-साधनात ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ पासून पॅच येत गेले. एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मूळ मेंटेनरवर इतर काही नावांनी वेग वाढवण्यासाठी दबाव आणला आणि या नावाला मेंटेनरचे अधिकार मिळाले. २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच अधिकाराने चोरवाट घातली गेली. आंद्रेस फ्रॉइंड या विकसकाला `ssh` ने दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे आढळले. त्या विलंबाचा माग काढून त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. बहुतेक स्थिर वितरणांत या आवृत्त्या तोवर पोचल्या नव्हत्या.

कर्नलने खऱ्या नावाची अट २०२३ मध्येच सैल केली होती. सही आता ‘ज्ञात ओळखी’ने करता येते, निनावी योगदान मात्र स्वीकारले जात नाही.