‘मी काल वाचलो’ : चुकीमागचा नियम शोधण्याची गोष्ट

मराठी शिकणारा एक पुरुष म्हणतो, ‘मी काल रात्री वाचलो.’ ऐकणारा दचकून विचारतो, ‘कशातून?’ बिचाऱ्याला सांगायचं असतं की त्याने रात्री काहीतरी वाचलं. वाक्य व्याकरणात चोख बसतं, फक्त ते भलत्याच घटनेचं आहे. ‘मी काल पुस्तक वाचलो’ म्हटलं असतं तर चूक लगेच कानाला खटकली असती. दोन्ही वाक्यांत चूक एकच, पण एकात ती उघडी आहे आणि दुसऱ्यात झाकलेली.

उघड्या आणि झाकल्या चुकीचा हा भेद एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली मांडला. त्याआधी शिकणाऱ्याच्या चुकांकडे कोणी फारसं कुतूहलाने पाहत नसे. चूक म्हणजे मातृभाषेची जुनी खोड, आणि ती घोकंपट्टीने मोडायची, असा समज होता. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांची रचना शेजारीशेजारी ठेवून चुका कुठे होतील याचा अंदाज बांधायची रीत मांडली. अंदाज काही ठिकाणी बरोबर ठरत, पण जिथे अडचण यायला हवी तिथे ती येत नसे आणि भलतीकडेच चुका होत. १९६७ च्या एका लेखात कॉर्डर यांनी प्रश्नच उलटा केला: चूक ही शिकणाऱ्याने स्वतःशी बांधलेल्या नियमाची खूण असेल तर? थकव्याने किंवा घाईने जीभ घसरणं वेगळं. ते बोलणारा स्वतःच सुधारतो. जी चूक पुन्हापुन्हा तशीच होते आणि विचारलं तरी सुधारता येत नाही, तिच्यामागे नियम असण्याची शक्यता मोठी.

आपल्या वाक्याला ही कसोटी लावू. ‘पुस्तक लो मी वाच काल’ हा नुसता गोंधळ आहे. त्यातून पुढचं वाक्य कसं येईल हे सांगता येत नाही. ‘मी काल पुस्तक वाचलो’ मध्ये मात्र क्रियापद शेवटी आहे, भूतकाळाचा ‘ल’ जागेवर आहे आणि ‘-लो’ हा पुरुषाच्या ‘मी’ला शोभणारा प्रत्यय आहे. चुकलंय ते एकच. मराठीत असं क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहतं: लेख वाचला, गोष्ट वाचली, पुस्तक वाचलं. शिकणाऱ्याचा नियम आहे, ‘क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे.’ तो खरा असेल तर हा माणूस ‘मी भाजी आणलो’, ‘मी पत्र लिहिलो’ असंही म्हणेल, हे आपण आधीच सांगू शकतो. म्हटलं, तर नियम सापडला.

तो आला कुठून, हे सांगणं मात्र अवघड. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये क्रियापद असं कर्माकडे वळत नाही, तेव्हा मातृभाषेचा हात असू शकतो. पण ‘मी गेलो’, ‘मी आलो’ ऐकूनही कोणी तो बांधेल. आणि मराठी स्वतःच त्याला चकवते: ‘मी चहा प्यालो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी धडा शिकलो’ ही कर्म असलेली वाक्यं बरोबर आहेत. एका चुकीला एकच कारण चिकटवणारे अहवाल मला म्हणूनच पटत नाहीत.

स्त्री शिकत असेल तर आणखी गंमत. ‘मी आले’ म्हणणारी ‘मी पुस्तक वाचले’ असं लिहील आणि तिला पूर्ण गुण मिळतील, पण चुकीच्या नियमावर. तिच्याकडून ‘मी गोष्ट वाचले’ येईपर्यंत शिक्षकाला पत्ता लागत नाही. कॉर्डर यांचा सल्ला असा की शिकणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते, शक्य असेल तेव्हा, त्यालाच विचारावं. एरवी आपण लावलेला अर्थ हा फक्त अंदाज.

१९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अधल्यामधल्या व्यवस्थेला नाव दिलं. मराठीत तिला ‘अंतरभाषा’ म्हणता येईल. ती मातृभाषा नाही आणि शिकायची भाषाही नाही, पण तिला स्वतःचे नियम आहेत. काही नियम वर्षानुवर्षं तसेच गोठून राहतात, हेही त्यांनी नोंदवलं.

चुका मोजण्याच्या या उत्साहाला १९७४ मध्ये जॅकलिन शाक्टर यांनी खीळ घातली. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात संबंधदर्शक उपवाक्यांच्या चुका अरबी-फारसी भाषकांपेक्षा कमी होत्या, पण ती उपवाक्यंच ते कमी वापरत होते. आपला शिकणाराही एक दिवस ‘वाचलो’वर हसणारे लोक पाहून ‘मी काल पुस्तक वाचत होतो’ म्हणायला लागतो. तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, म्हणून वाक्य बिनचूक. त्याच्या वहीत लाल शाई दिसत नाही आणि जुना नियम आहे तिथेच आहे.